गेस्ट खोलीत उठत नाही: स्टाफच्या मराठी कागदात नेमकं काय लिहायचं

प्रश्न: आमचं जळगावला हायवेवर ३२ खोल्यांचं हॉटेल आहे. गेस्टच्या मेडिकल इमर्जन्सीची इंग्रजी एसओपी होती, ती मराठीत करून घेतली, १४ मुद्दे आहेत. पण पोरं वाचत नाहीत, वाचली तरी विचारल्यावर सांगता येत नाही. स्टाफला कळेल असं काय लिहायचं?

भाऊ, तुमचा कागद मी बघितला नाही, पण असले कागद बरेच माझ्या हाताखालून गेलेत म्हणून अंदाजाने सांगतो. त्यात पहिला किंवा दुसरा मुद्दा असणार, "कर्तव्यावरील व्यवस्थापकास तात्काळ सूचित करण्यात यावे". बरोबर ना? तर पोरांना मराठी येत नाही असं नाहीये, त्या वाक्यात माणूसच नाही ही गडबड आहे. "करण्यात यावे" म्हणजे कोणी करायचं? रूमबॉयला वाटतं रिसेप्शन करेल, रिसेप्शनला वाटतं सुपरवायझर करेल, आणि सुपरवायझर सकाळी सहाला घरी झोपलेला असतो.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. २० वर्षांच्या वर हॉटेल लाइनमध्ये आहे, भुसावळला लॉजवर नाइट रिसेप्शनपासून सुरुवात केली, मग धुळे, मग जळगाव, आता दोनतीन हॉटेलांच्या स्टाफचं ट्रेनिंग बघतो. छातीत दुखणं, फिट येणं, शुगर खाली जाणं, मे महिन्यात उन्हातून आलेला गेस्ट चक्कर येऊन पडणं, सगळं बघून झालंय. पण कागद लिहायला बसलात की सगळे आजार त्यात कोंबू नका. पोराला आजार ओळखता येणार नाही आणि यायची गरज पण नाही. त्याला दोनच गोष्टी बघता आल्या पाहिजेत, हाक मारल्यावर माणूस उत्तर देतो का, आणि श्वास नीट चालू आहे का. बाकी सगळं १०८ वाले फोनवर विचारतात.

हे मी शिकलो तो प्रसंग सांगतो, हॉटेल कोणतं ते राहू द्या. लग्नसराई, हॉटेल फुल्ल. सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी दुसऱ्या मजल्यावरून बाईंचा इंटरकॉमवर फोन, की हे उठत नाहीयेत आणि विचित्र घोरतायत. रिसेप्शनला नवीन मुलगा, तीन आठवड्यांचा, पण हुशार, आणि घोटाळा असा की त्याने एसओपी पाठ केलेली होती. त्याने कागदाप्रमाणे मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर आंघोळीला, उचलला नाही. परत लावला, परत नाही. मग मालकांना लावला, मालक म्हणाले मॅनेजरला विचार. तेवढ्यात हाउसकीपिंगची मावशी खाली धावत आली, "दादा, दुसरा मजलावर माणूस उठत नही, काय करू?" तर हा म्हणाला थांबा, मॅनेजर येतायत. मी ६ वाजून १७ मिनिटांनी ड्युटीवर आलो आणि १०८ ला पहिला फोन तेव्हा गेला. सात मिनिटं. वर जाऊन बघितलं तर माणूस पलंगावर, तोंड उघडं, अर्ध्या मिनिटाने एखादा घुर्र असा आवाज. बाई म्हणत होत्या श्वास चालू आहे. तो श्वास नव्हता. गेस्ट वाचला नाही. नंतर डॉक्टरांना मी विचारलं की लवकर फोन केला असता तर, ते म्हणाले तसं सांगता येत नाही. प्रामाणिक उत्तर होतं, पण त्यानंतर मी तो कागद फाडला.

त्या मुलाला कोणी बोललं नाही, बोलण्यासारखं नव्हतंच, त्याने कागदात लिहिलं होतं तेच केलं होतं. कागदाचा क्रम चुकीचा होता.

मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात दिवसरात्र ड्युटी मॅनेजर असतो, सिक्युरिटीवाला असतो, कधी नर्स पण असते. तिथे आधी मॅनेजरला कळवा हे चालतं, कारण मॅनेजर एका मिनिटात खोलीत पोचतो. इंग्रजी एसओपी अशा हॉटेलसाठी लिहिलेली असते. आपल्याकडे रात्री एक रिसेप्शनवाला, एक रूमबॉय आणि गेटवर वॉचमन, तिघं मिळून अख्खं हॉटेल. त्यामुळे भाषांतर करून भागत नाही, क्रमच बदलावा लागतो. आधी १०८, मग मॅनेजर. आणि कागदावर सगळ्यात वर, मालकाच्या सहीने, एक वाक्य लिहा: "१०८ ला फोन करायला कोणालाही विचारायची गरज नाही. फोन केला म्हणून कोणाला बोलणी बसणार नाहीत." सही पाहिजेच. आपल्याकडची पोरं आजाराला कमी आणि शेठला जास्त घाबरतात, गेस्ट नुसता दारू पिऊन पडला असेल आणि ॲम्ब्युलन्स आली तर आपली वाट लागेल हे त्यांच्या डोक्यात असतं. १०८ सेवा आपल्याकडे २०१४ पासून आहे, फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतो, गाडी रिकामी परत गेली तरी हॉटेलचं काही जात नाही. पण हे त्यांना मालकाच्या तोंडून ऐकायचं असतं.

दुसरी गोष्ट, मुद्द्यांप्रमाणे लिहू नका, माणसाप्रमाणे लिहा. मी तीन छोटे कागद करतो, खोलीत असलेल्यासाठी एक, रिसेप्शनसाठी एक, गेटवरच्यासाठी एक. प्रत्येकाने फक्त स्वतःचा कागद लक्षात ठेवायचा. माझ्या खोलीवाल्या कागदावर एवढंच आहे, हवं तर जसंच्या तसं उचला:

"खांद्यावर जोरात थोपट, मोठ्याने हाक मार. उत्तर नाही? रिसेप्शनला ओरडून सांग: खोली नंबर, माणूस उठत नाही. गेस्टला एकटं सोडू नकोस. छाती वरखाली होते का दहा आकडे मोजेपर्यंत बघ. नीट श्वास चालू आहे: कुशीवर वळव, तोंड खालच्या बाजूला, तिथेच बस. श्वास नाही, किंवा मधेच एखादा आचका, घुर्र आवाज: त्याला श्वास समजू नकोस. जमिनीवर घे, छाती दाबायला सुरू कर. तोंडात काहीही घालू नकोस. पाणी नाही, गोळी नाही, चमचा नाही."

यातली प्रत्येक ओळ का आहे ते पोरांना एकदा सांगावं लागतं, नुसतं वाचून उपयोग नाही.

"घुर्र आवाज" ही ओळ माझ्या दृष्टीने अख्ख्या कागदातली सगळ्यात महत्त्वाची. हृदय बंद पडलं तरी पहिली काही मिनिटं बऱ्याच जणांचं शरीर असे आचके देतं, लांबलांब, घोरल्यासारखे, मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो तसे. घरचे म्हणतात श्वास चालू आहे आणि सगळे थांबून राहतात. इंग्रजी कागदात याच्यासाठी जो शब्द असतो त्याचं मराठी कोणीतरी "असामान्य श्वसन" करून ठेवतं. रूमबॉय असामान्य म्हणजे काय समजणार? मी ट्रेनिंगला तो आवाज स्वतः काढून दाखवतो, पोरं हसतात, हसू देत, पण विसरत नाहीत.

छाती दाबणं पलंगावर होत नाही. गादी खाली जाते, छाती नाही. म्हणून खाली घ्यायचं, दोघांनी बेडशीटसकट ओढून, एकाने डोकं धरून. मग छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवायचा, वर दुसरा हात, कोपर सरळ, आणि दोन इंच खाली, थोडं जास्त चालेल पण अडीच इंचाच्या आतच. मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत माणूस दमतो आणि दमला की नकळत कमी दाबतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, मधे शक्यतो खंड पडू न देता. ज्याने ट्रेनिंग घेतलेलं नाही त्याने तोंडाने श्वास द्यायच्या भानगडीत पडू नये, नुसतं दाबत राहिलं तरी चालतं, १०८ वाले पण फोनवर बहुतेक तेच सांगतात. बरगडीतून कट्ट असा आवाज येऊ शकतो. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पोरगा घाबरून हात काढतो. आणि गेस्ट बाई असेल तर पोरं हात लावायला कचरतात, हेही उघड बोला. हाउसकीपिंगच्या निदान दोन बायकांना हे शिकवून ठेवा, आणि त्या जवळ नसतील तर पोराने सुरू करायचं, बाईची वाट बघायची नाही, हे पण त्याच मालकाच्या सहीच्या कागदावर लिहा.

"तोंडात काहीही नाही" ही ओळ आपल्याकडे वेगळी लिहावीच लागते. फिट आली की कोणीतरी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल आणतो, कोणी दातात चमचा घालतो. चमच्याने दात तुटतो, तुकडा घशात जातो. फिट आलेल्याला दाबून धरायचं नाही, आजूबाजूचं टेबलखुर्ची सरकवायचं, डोक्याखाली उशी किंवा टॉवेल, घड्याळ बघायचं, आणि झटके थांबले की कुशीवर. बेशुद्ध माणसाला पाणी पाजणं तर सगळ्यात वाईट, ते फुप्फुसात जातं. शुगरचा पेशंट असेल, घाम फुटलाय, थरथरतोय, पण शुद्धीत आहे, बोलतोय, गिळता येतंय, तर तीनचार चमचे साखर किंवा अर्धा ग्लास गोड सरबत द्यायला हरकत नाही. शुद्ध नसेल तर साखरसुद्धा नाही. आणि रिसेप्शनच्या ड्रॉवरमधल्या गोळ्या कोणालाच नाहीत. गेस्टची स्वतःची गोळी त्याने मागितली तर हातात द्यायची, कोणती घ्यायची ते तो ठरवेल नाहीतर १०८ चा डॉक्टर.

आता रिसेप्शनचा कागद. यात मी फोनवर काय बोलायचं ते शब्दाला शब्द लिहून ठेवतो, कारण घाबरलेला माणूस पत्ता सांगताना हॉटेलचं नाव सांगून गप्प बसतो. "महाराष्ट्र, जळगाव जिल्हा, हॉटेल अमुक, सुरत-नागपूर हायवे, अमुक पेट्रोल पंपासमोर, धुळ्याकडून येताना डाव्या हाताला, सर्व्हिस रोडने. दुसरा मजला. माणूस साधारण ६० वर्षांचा, उठत नाही, श्वास नाही." राज्य आणि जिल्हा आधी सांगायचं, कारण इथून रावेरकडे गेलात की मध्य प्रदेश, नवापूरकडे गेलात की गुजरात, तिकडेही १०८ च नंबर आहे आणि सीमेवर मोबाईल कुठला टॉवर धरेल नेम नाही. धुळ्याकडून डावीकडे की उजवीकडे हे तर सांगायलाच पाहिजे, हायवेला डिव्हायडर आहे, चुकीच्या बाजूला गाडी गेली की पुढच्या कटपर्यंत जाऊन फिरून येते. फोन ठेवायचा नाही. शक्य असेल तर मोबाईलवरून करायचा आणि तो मोबाईल खोलीतल्या माणसाकडे स्पीकरवर पोचवायचा. मग दुसऱ्या फोनवरून मॅनेजर. मग एका वहीत वेळा: कॉल किती वाजता आला, १०८ किती वाजता, दाबणं किती वाजता सुरू झालं, गाडी किती वाजता. गेस्ट शेवटचा नीट बोललेला कधी होता हेही लिहायचं, घरच्यांना विचारून. लकव्यासारखं काही असेल, म्हणजे तोंड वाकडं, एक हात उचलत नाही, बोबडं बोलणं, तर हॉस्पिटलवाले पहिला प्रश्न हाच विचारतात, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि ते तास माणूस शेवटचा ठीक होता तिथून मोजतात.

खोली आतून बंद असेल तर? रिसेप्शनवाल्याने इमर्जन्सी चावी घेऊन माणूस पाठवायचा, एकट्याला नाही, दोघांना. नुसत्या मास्टर कीने आतली कडी उघडत नाही हे बऱ्याच ठिकाणी प्रसंग आल्यावर कळतं. बाथरूमची कडी तर विसरलेलीच असते, आणि गेस्ट पडतो बाथरूममध्येच. तुमच्याकडे बाहेरून स्क्रूने फिरणारी कडी असेल तर ते नाणं किंवा पेचकस नेमकं कुठे टांगलंय ते कागदावर लिहा.

गेटवाल्याचं काम छोटं आहे. गेट उघडा, पार्किंगमधली आडवी गाडी काढा, सर्व्हिस रोडच्या तोंडाशी टॉर्च घेऊन उभे राहा, लिफ्ट खाली थांबवून ठेवा. आणि एक दिवस टेप घेऊन लिफ्ट मोजा भाऊ. आपल्याकडच्या चार माणसांच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं जात नाही. जात नसेल तर जिन्याने उतरवायला चार माणसं लागतात, ती कोण ते आत्ताच ठरवा, किचनमधली धरून.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. मला नेहमी विचारतात की ॲम्ब्युलन्सची वाट का बघायची, हॉटेलची गाडी आहे, हॉस्पिटल दोन किलोमीटरवर आहे. माणूस शुद्धीत असेल, बोलत असेल, तर १०८ वाल्यांना विचारा, गाडी किती वेळात येईल, आम्ही आणू का, आणि ते सांगतील तसं करा. छातीत दुखत असेल तर त्याला जिने उतरायला लावू नका, खुर्चीवर बसवून उतरवा. पण श्वासच नसेल तर कारमध्ये घालू नका, मागच्या सीटवर छाती दाबता येत नाही, म्हणजे हॉस्पिटलपर्यंतचा सगळा वेळ फुकट. तोरणमाळसारख्या ठिकाणी रिसॉर्ट असेल तर हे गणित बदलतं, तिथे गाडी यायलाच खूप वेळ लागतो, तिथल्या लोकांनी जवळच्या आरोग्य केंद्राशी आधी बोलून स्वतःचा कागद वेगळा करावा. तुमच्या हायवेवरच्या हॉटेलला ते लागू नाही.

पोलिसांची भीती पण असते. ॲम्ब्युलन्स आली म्हणजे केस झाली असं पोरांना वाटतं. आजारी गेस्टला हॉस्पिटलला नेण्यात केस काही नाही. आणि हॉस्पिटलने आधी पोलीस कागद आणा म्हणून तातडीचे उपचार अडवायचे नाहीत हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय. मात्र खोलीत काही संशयास्पद दिसलं, रिकाम्या गोळ्यांचं पाकीट, रक्त, तर माणसाला मदत करायची आणि बाकी कशाला हात लावायचा नाही. गोळ्यांचं पाकीट तेवढं डॉक्टरला दाखवायचं. गेस्टला हॉस्पिटलला नेल्यावर खोली लॉक, साफसफाई नाही, मॅनेजर सांगेपर्यंत. आणि "गेला" हा शब्द स्टाफमधल्या कोणीच उच्चारायचा नाही, ना घरच्यांसमोर, ना लॉबीत, ना फोनवर. ते डॉक्टर सांगतो. घरच्यांना फोन करायचा झाला तर एवढंच, की तब्येत बिघडली आहे, अमुक हॉस्पिटलला नेलंय, आमचा माणूस सोबत आहे. परदेशी गेस्ट असेल, अजिंठा बघायला येतात ते, तर त्याच्यासाठी भरलेल्या फॉर्मवर पासपोर्टची माहिती असते, त्याची प्रिंट सोबत जाणाऱ्या माणसाकडे द्या.

तोच जुना प्रसंग या कागदावर कसा झाला असता ते एकदा मोजून सांगतो, म्हणजे फरक कळेल. ६:१० ला बाईंचा फोन. रिसेप्शनवाला फोनवरच विचारतो, हाक मारल्यावर उत्तर देतायत का? नाही. तो रूमबॉयला वर पळवतो आणि स्वतः १०८ लावतो, ६:११. रूमबॉय पोचतो, थोपटतो, दहा आकडे मोजतो, घुर्र ऐकतो आणि त्याला श्वास समजत नाही. मावशी आणि तो बेडशीटने खाली ओढतात, ६:१३ ला छातीवर हात. मॅनेजर आंघोळीला आहे तर आहे. १०८ चा फोन सात मिनिटांच्या जागी एका मिनिटात, छातीवर हात तीन मिनिटांत, आणि त्यात एकही माणूस जास्तीचा लागला नाही.

हे नुसतं सांगून येत नाही. माझ्या मते महिन्यातून एकदा, न सांगता, सकाळच्या शिफ्टला इंटरकॉमवरून फोन करायचा, "प्रॅक्टिस आहे, २०७, माणूस उठत नाही", आणि घड्याळ लावायचं. पहिल्यांदा चारपाच मिनिटं लागतात, वाईट वाटून घेऊ नका. गुंडाळलेल्या गादीवर दाबायची सवय होते पण किती खोल दाबायचं ते कळत नाही, म्हणून वर्षातून एकदा तरी पुतळ्यावर शिकवणाऱ्या माणसाला बोलवा, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं तर सोय होते. तुमच्याकडे नेपाळी, बिहारी किंवा धडगावकडची पावरा पोरं असतील तर कागद त्यांना मराठीत वाचून दाखवून मग त्यांच्या बोलीत त्यांच्याकडूनच उलटा वदवून घ्या. अहिराणीत सांगितला तरी चालेल, सांगता आला की झालं.

कागद फाइलीत नको. खोलीवाला पॅन्ट्रीच्या दारामागे, रिसेप्शनचा टेलिफोनशेजारी काचेखाली, गेटवाल्याचा केबिनमध्ये. जुना १४ मुद्द्यांचा कागद काढून टाका, दोन कागद असले की पोरं जुनाच धरतात. आणि आज संध्याकाळी एक काम करा, रिसेप्शनच्या आणि एखाद्या खोलीच्या इंटरकॉमवरून बाहेर फोन लागतो का बघा. बऱ्याच बोर्डांवर आधी ० किंवा ९ दाबल्याशिवाय बाहेरची लाइन मिळत नाही, आणि नुसतं १०८ दाबलं तर खोली नंबर १०८ ची घंटी वाजते. टेस्टसाठी १०८ ला फोन करू नका, स्वतःच्या मोबाईलवर लावून बघा, आणि जो आकडा लागतो तो टेलिफोनवर चिकटवून टाका.